लेबल एकच, स्वभाव वेगळा: रंगाईच्या रसायनांचा टेम्पो कसा भरावा?

सोलापुरी चादर किंवा टॉवेल विकत घेताना गिऱ्हाईक दुकानदाराला हमखास एक प्रश्न विचारते, 'रंग जाणार नाही ना?' रंग पक्का राहावा म्हणून सुताची रंगाई करताना 'व्हॅट' जातीचे रंग वापरतात. हे रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून आधी कॉस्टिक सोडा आणि 'हायड्रो' घालून त्यांच्यातला ऑक्सिजन काढून घेतात. मग रंग विरघळतो आणि सुताच्या आत शिरतो. त्यानंतर हवेने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याला ऑक्सिजन परत दिला, की तो पुन्हा न विरघळणारा होतो आणि धाग्यात कायमचा अडकून बसतो. शेवटी सुतात उरलेला कॉस्टिक मारण्यासाठी थोडे ॲसेटिक ॲसिड वापरतात. सूत किंवा कापड पांढरे करायचे असेल तर पेरॉक्साइड किंवा हायपोक्लोराइट लागते.

थोडक्यात, एक रसायन ऑक्सिजन काढून घेते, दुसरे देते. एक अल्कली, तर दुसरे आम्ल. रंगाईच्या हौदात ती एकामागून एक येतात, पाण्यात पातळ होऊन येतात, आणि मधे धुणे असते. म्हणून तिथे काम सुरळीत होते. पण रंगाईच्या कारखान्यासाठी माल भरताना हीच रसायने तीव्र स्वरूपात, एकमेकांना खेटून, एकाच टेम्पोत ठेवली जातात. आजचा विषय आहे तो हा टेम्पो. रसायनाच्या मोठ्या टँकरकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण टँकरमध्ये एकच माल असतो. टेम्पोत पाच असतात.

टेम्पोत काय काय आहे

एक उदाहरण घेऊ. शहरातल्या रसायनांच्या दुकानातून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंगला माल जायचा आहे. यादी अशी: हायड्रोचे ५० किलोचे दोन पत्र्याचे ड्रम, कॉस्टिक फ्लेक्सच्या ५० किलोच्या पाच गोण्या, ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार कॅन, ॲसेटिक ॲसिडचे तीन कॅन आणि सोडियम हायपोक्लोराइटचे दोन कॅन. प्रत्येक कॅन सुमारे ३५ किलोचा धरला तर एकूण वजन ६६५ किलोच्या आसपास होते. छोट्या टेम्पोच्या एका खेपेत सहज बसेल एवढे. भाडे एकच, हमाली एकदाच. म्हणून सगळे एकत्र भरण्याचा मोह होणे साहजिक आहे.

आता या पाच वस्तूंची ओळख करून घेऊ. दुकानातली नावे इथे घोटाळा करतात. 'हायड्रो' म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पण ऐकणाऱ्याला तो 'हायड्रोजन पेरॉक्साइड' वाटू शकतो, 'हायड्रोक्लोरिक' वाटू शकतो. 'हायपो' म्हटले की एक जण सोडियम हायपोक्लोराइट देईल, तर दुसरा सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओतला 'हायपो' हे दुसरे रसायन होते. फोनवर दिलेल्या ऑर्डरीत हा फरक हरवतो.

हाच घोटाळा जगभर होत होता. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि त्यांतून आजची पद्धत उभी राहिली. प्रत्येक मालाला चार आकडी क्रमांक असतो, तोच 'यूएन नंबर'. हायड्रोचा १३८४, पन्नास टक्के पेरॉक्साइडचा २०१४, ८० टक्क्यांहून तीव्र ॲसेटिक ॲसिडचा २७८९, कॉस्टिक फ्लेक्सचा १८२३ आणि हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा १७९१. हा नंबर ड्रमवर, कॅनवर आणि कागदावर एकच असला, की नावाचा घोळ संपतो.

वर्ग कसा ठरतो

नंबराबरोबर येतो वर्ग. धोकादायक माल एकूण नऊ वर्गांत विभागलेला आहे: स्फोटके, वायू, पेट घेणारे द्रव, पेट घेणारे घन पदार्थ, ऑक्सिजन देणारे पदार्थ, विषारी, किरणोत्सारी, गंजवणारे आणि इतर. वर्ग ठरतो तो माल स्वतः काय करू शकतो यावरून.

हायड्रो ४.२ या वर्गात आहे, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारा. त्याच्या लेबलचा वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल असतो. पेरॉक्साइड ५.१ मध्ये आहे. पिवळ्या लेबलवर वर्तुळ आणि त्यावर ज्वाला, म्हणजे स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला जळायला ऑक्सिजन पुरवतो. तो कातडी आणि धातूही खातो, म्हणून त्याला वर्ग ८ चे दुसरे लेबलही लागते. तीव्र ॲसेटिक ॲसिडचा मुख्य वर्ग ८, पण त्याची वाफ पेट घेते, म्हणून जोडीला वर्ग ३ चे लाल लेबल. कॉस्टिक आणि हायपोक्लोराइट दोन्ही वर्ग ८ मध्ये. या वर्गाचे लेबल ओळखायला सोपे: वर हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडताना दाखवलेले, खालचा भाग काळा.

वर्गीकरण नुसत्या नावावर होत नाही, तीव्रताही पाहावी लागते. पेरॉक्साइड ८ टक्क्यांहून कमी असेल तर तो या यादीत येतच नाही. ८ ते २० टक्क्यांना यूएन २९८४, २० ते ६० टक्क्यांना २०१४ आणि त्याहून तीव्र असेल तर २०१५. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारा पेरॉक्साइड आणि डाईंगचा पेरॉक्साइड यांचे नाव एकच, पण एक लिटर ५० टक्के पेरॉक्साइड पूर्ण विघटित झाला तर त्यातून सुमारे २०० लिटर ऑक्सिजन वायू बाहेर पडतो. त्याच्या कॅनच्या झाकणाला वायू जाण्यासाठी बारीक छिद्र असते, ते यासाठीच. कॅन आडवा ठेवला तर त्या छिद्रातून द्रव ठिबकतो. 'गळतंय' म्हणून कोणी छिद्र बुजवले किंवा साधे झाकण लावले, तर उन्हात कॅन फुगतो आणि फुटू शकतो.

लेबल काय सांगत नाही

आता खरा मुद्दा. आपल्या टेम्पोतल्या तीन वस्तूंवर वर्ग ८ हेच मुख्य लेबल आहे: ॲसेटिक ॲसिड, कॉस्टिक आणि हायपोक्लोराइट. लेबल सारखे दिसले की हमाल सरळ विचाराने त्या तिन्ही वस्तू एका कोपऱ्यात लावतो. आणि चूक तिथेच होते. लेबल सांगते की हा पदार्थ एकटा असताना काय करील. शेजाऱ्याला भेटल्यावर काय करील, हे लेबल सांगत नाही.

हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू निघतो. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असलेला हा वायू जमिनीलगत पसरतो. आम्लात कॉस्टिक पडले तर उष्णता एवढी निघते की द्रव उकळून अंगावर उडतो. तिन्हींवर लेबल मात्र एकच.

हे नुसते पुस्तकी नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या अचिसन गावी, एमजीपीआय कंपनीच्या कारखान्यात सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर आला. भरणीचे नळ शेजारीशेजारी होते, दिसायला सारखे होते आणि त्यांवर ठळक खुणा नव्हत्या. ॲसिडचा पाइप चुकून हायपोक्लोराइटच्या टाकीच्या नळाला जोडला गेला. थोड्याच वेळात क्लोरीनयुक्त वायूचा ढग उठून गावाकडे सरकला. हजारो लोकांना घरात थांबायला किंवा जागा सोडायला सांगावे लागले आणि १४० हून अधिक लोकांना उपचारांसाठी जावे लागले. टँकरवर वर्ग ८ लिहिलेले होते, आणि ते बरोबरच होते. टाकीतला मालही वर्ग ८ चाच होता. लेबल खरे असूनही अपघात झाला, कारण प्रश्न लेबलचा नव्हता, जोडीचा होता.

दहा जोड्यांचा हिशेब

म्हणून माल भरण्यापूर्वी वस्तू मोजून भागत नाही, जोड्या मोजाव्या लागतात. पाच वस्तूंच्या दहा जोड्या होतात. एकेक पाहू.

हायड्रो आणि पेरॉक्साइड ही सर्वांत वाईट जोडी. एक ऑक्सिजनचा भुकेला, दुसरा तो देणारा. आडव्या पडलेल्या कॅनमधून ठिबकलेला पेरॉक्साइड नीट न बसलेल्या झाकणातून हायड्रोच्या ड्रममध्ये गेला, तर भुकटी तापते, धूर सुटतो आणि आग लागू शकते. हायड्रो आणि हायपोक्लोराइटचे भांडणही याच जातीचे आहे. हायड्रो आणि ॲसिड एकत्र आले तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. काडी ओढल्यावर येणाऱ्या उग्र वासासारखा त्याचा वास नाका-घशाला झोंबतो आणि दम्याच्या रुग्णाला थोड्या प्रमाणातही धाप लावतो.

पेरॉक्साइडला अल्कली सोसत नाही. कॉस्टिक मिसळला की त्याचे विघटन वेगाने होते, उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही निघतात. पेरॉक्साइड आणि हायपोक्लोराइट भेटले तरी ऑक्सिजन फसफसून बाहेर पडतो. पेरॉक्साइड आणि तीव्र ॲसेटिक ॲसिड एकत्र आले तर हळूहळू परॲसेटिक ॲसिड तयार होते. ते स्वतःच अस्थिर आहे. ॲसिड–हायपोक्लोराइट आणि ॲसिड–कॉस्टिक या जोड्या वर पाहिल्याच.

अशा आठ जोड्या बाद झाल्या. उरल्या दोन. हायड्रो अल्कलीत टिकतो, म्हणून कॉस्टिकशी त्याचे वैर नाही. हायपोक्लोराइटच्या द्रावणात तर थोडे कॉस्टिक मुद्दाम ठेवलेलेच असते. म्हणजे एकट्या कॉस्टिकला दोन शेजारी चालतात, पण ते दोघे एकमेकांना चालत नाहीत. हिशेब केला तर या ६६५ किलोंचे चार गट होतात: हायड्रो आणि कॉस्टिक एका गटात, पेरॉक्साइड वेगळा, ॲसिड वेगळे, हायपोक्लोराइट वेगळे. एका खेपेचा माल खरे तर चार खेपांचा आहे.

चार वेळा टेम्पो पाठवणे परवडत नाही, हे मान्य. मग व्यवहारात मार्ग असा निघतो. रोज सगळे थोडे थोडे पाठवण्याऐवजी एकाच रसायनाचा महिन्याचा माल एका दिवशी न्यावा. एका फेरीत दोन-तीन कारखान्यांचा पेरॉक्साइड, दुसरीत सगळ्यांचे ॲसिड. उरलेली जागा रंगाईतच लागणाऱ्या मिठाने भरता येते, कारण मीठ इथे कोणाच्या वाट्याला जात नाही. सोडा ॲश मात्र अशी निरुपद्रवी नाही. ती ॲसिडबरोबर फसफसते आणि पेरॉक्साइडलाही बिघडवते.

सोलापुरात आणखी एक जोडी विसरून चालणार नाही: पेरॉक्साइड आणि सूत. परतीच्या फेरीत त्याच टेम्पोत सुताच्या गाठी येतात. हौद्यात सांडलेला पेरॉक्साइड सुतात शोषला गेला, पाणी उडून तो अधिक तीव्र झाला, त्यात गंजाचे कण मिसळले, तर ते सूत काही वेळाने स्वतःच पेटू शकते. कापूस, लाकूड, भुसा, गोणपाट, सगळ्यांना हे लागू आहे. म्हणून पेरॉक्साइड सांडला तर फडक्याने किंवा भुशाने टिपायचा नसतो, भरपूर पाण्याने धुऊन काढायचा असतो. आणि हौदा कोरडा व स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा माल भरायचा नसतो.

जगाचे तक्ते आणि त्यांच्या मर्यादा

कोणता वर्ग कोणाजवळ नको, याचे तक्ते जगात तयार आहेत. समुद्रमार्गे माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय संहितेत ४.२ आणि ५.१ यांच्या चौकटीत '२' हा आकडा आहे. त्याचा अर्थ हे दोन्ही एका कंटेनरमध्ये ठेवू नका. ५.१ आणि ८ यांच्या चौकटीतही '२' आहे. अमेरिकेच्या रस्ते वाहतुकीच्या तक्त्यात ४.२ चा माल आणि वर्ग ८ चे द्रव यांना एका वाहनात मनाई आहे. युरोपातल्या रस्त्यांच्या नियमांत मात्र एकत्र भरण्याची बंदी मुख्यतः स्फोटकांपुरती आहे. बाकीचा भरवसा मजबूत पॅकिंगवर आणि माल पाठवणाऱ्याच्या जबाबदारीवर ठेवला आहे.

आणि ८ विरुद्ध ८ या चौकटीत काय आहे? समुद्री तक्त्यात तिथे सरसकट कोणतेही अंतर सांगितलेले नाही. म्हणूनच त्या संहितेला वर्गांच्या पलीकडे जाऊन आम्ले, अल्कली, हायपोक्लोराइट असे वेगळे गट करावे लागले, आणि हायपोक्लोराइट आम्लांपासून दूर ठेवा असे वेगळे लिहावे लागले. तक्ता ही पहिली चाळणी आहे. दुसरी चाळणी म्हणजे प्रत्येक रसायनाबरोबर उत्पादक देतो ते सुरक्षा माहितीपत्रक. त्याच्या दहाव्या भागात 'कशाबरोबर ठेवू नये' ते लिहिलेले असते. माल भरणाऱ्याला दहा जोड्यांची रसायनविद्या पाठ नसली तरी चालते. दुकानदाराने पाच माहितीपत्रकांचे पाच दहावे भाग एकदा वाचून आपला एक तक्ता भिंतीवर लावला, की काम भागते.

आपला कायदा काय मागतो

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम या विषयाचे आहेत. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीचा फलक हवा. त्यावर मालाचे अचूक तांत्रिक नाव किमान ५ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत, यूएन नंबर किमान १० सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत, वर्गाचे लेबल किमान २५ सेंटिमीटर चौरस, आणि आपत्काली कोणाला फोन करायचा तो क्रमांक. एवढ्या मोठ्या आकड्यांचे कारण साधे आहे. अग्निशमन दलाच्या माणसाला ते लांबून वाचता आले पाहिजेत. जवळ जाऊन वाचावे लागले तर फलकाचा उपयोगच काय?

माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला मालाची पूर्ण आणि खरी माहिती द्यायची असते. वाहतूकदाराने ती चालकापर्यंत लेखी पोहोचवायची, आणि चालकाने ती 'ट्रेम कार्ड' म्हणून केबिनमध्ये ठेवायची. गळती किंवा आग कशी ओळखायची, काय करायचे, काय टाळायचे, हे त्या कार्डावर असते. चालकाला अशा वाहनासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे हेही चालकाचे कर्तव्य आहे.

बिल्टीवर नुसते 'डाईज ॲण्ड केमिकल' असे लिहिले, की ही सगळी साखळी पहिल्याच कडीला तुटते. त्या दोन शब्दांवरून चालकाला काही कळत नाही, आणि आग विझवायला आलेल्यांनाही नाही.

एका नंबराचा फरक

हे कागदाचे काम वाटेल, पण आगीच्या वेळी एक नंबर काय करतो ते हायड्रोच्या बाबतीत पाहा. हायड्रोच्या ड्रममधून धूर निघू लागला तर सहज सुचणारे दोन उपाय आहेत: वाळू टाकून हवा बंद करायची, किंवा बादलीभर पाणी ओतायचे. दोन्ही चुकीचे. हायड्रोला जळण्यासाठी बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळे वाळूखाली तो तसाच धुमसत राहतो. आणि थोडे पाणी तर त्याला हवेच असते. ओल लागल्यानेच तो तापू लागतो. बादलीभर पाण्याने प्रतिक्रिया वाढते, उष्णता मात्र निघून जात नाही. अमेरिका आणि कॅनडातले अग्निशामक वापरतात त्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत यूएन १३८४ साठी वेगळी सूचना आहे: आग लहान असो वा मोठी, पाण्याचा पूर वाहू द्या. पूर म्हणजे बंबाचे पाणी, उष्णता वाहून नेईल एवढे. नुसते 'केमिकल' असे कळले तर बंबावरचा माणूस पाणी मारायला कचरेल, आणि ते बरोबरही ठरेल, कारण पाण्याने भडकणारी रसायने कमी नाहीत. १३८४ हा आकडा त्याला निर्णय देतो.

ओल आणि हायड्रो यांची गाठ किती महाग पडते, ते अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या लोडी गावी २१ एप्रिल १९९५ रोजी दिसले. नॅप टेक्नॉलॉजीज या कारखान्यात हायड्रो आणि ॲल्युमिनियमची भुकटी मिसळण्याचे काम चालू असताना मिश्रणयंत्रात पाणी शिरले. मिश्रण आतल्या आत तापू लागले, वास येऊ लागला. ते बाहेर काढण्याचा प्रयत्न चालू असतानाच स्फोट झाला आणि पाच कामगार गेले.

हायड्रो बिघडू लागल्याच्या खुणा कळतात. ड्रमची बाजू हाताला कोमट लागते, झाकण वर उचलल्यासारखे दिसते, गंधकाचा झोंबरा वास येतो, भुकटीचे गोळे झालेले असतात. असा ड्रम टेम्पोत चढवायचाच नाही, आणि प्रवासात वास आला तर गाडी वस्तीपासून दूर, मोकळ्या जागी थांबवायची. ड्रमचे झाकण उघडून आत पाहायचे नाही. अर्धा वापरलेला ड्रम एका डाईंगमधून दुसरीकडे नेणे सर्वांत धोक्याचे, कारण त्याची आतली पिशवी फाटलेली असते आणि ओल्या हाताने, ओल्या डब्याने त्यातून माल काढलेला असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याचा ड्रम तापतो आणि जूनच्या पहिल्या पावसात ताडपत्रीच्या भोकातून पाणी ठिबकते. हायड्रोला या दोन्ही गोष्टी नकोत.

जुना कॅन, जुने लेबल

सगळे नियम पाळूनही एक चूक उरते, ती म्हणजे जुने निळे कॅन. कॅन रिकामा झाला की धुऊन पुन्हा भरला जातो. हायपोक्लोराइटच्या कॅनमध्ये ॲसिड येते, वरचे लेबल तेच राहते, फार तर खडूने एखादे अक्षर काढलेले असते. कॅन नीट धुतलेला नसेल तर भरतानाच क्लोरीनचा वास येतो. नीट धुतलेला असला तरी पुढच्या माणसासाठी तो हायपोक्लोराइटच असतो. यावर उपाय एकच: कॅन पुन्हा भरायचा तर त्याच रसायनाने भरायचा, आणि नाहीतर जुने लेबल पूर्ण काढून त्या जागी नवे नाव, नंबर आणि वर्गाचे लेबल लावायचे. पेरॉक्साइड तर दुसऱ्या कॅनमध्ये ओतूच नये, कारण आधीच्या मालाचा अंशही त्याला विघटित करायला पुरतो. त्याचे झाकणही वेगळे असते.

माल अंगावर उडाला तर पहिला उपाय सर्वांना सारखा आहे: लगेच साध्या पाण्याने धुणे, निदान १५ ते २० मिनिटे, आणि भिजलेले कपडे काढणे. डोळ्यात कॉस्टिक गेले असेल तर पाणी चालू ठेवूनच दवाखाना गाठावा. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोल शिरते, आणि लिंबू किंवा व्हिनेगरने ते 'मारायचा' प्रयत्न करू नये. क्लोरीन हुंगला गेला असेल तर माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला, उंच जागी न्यावे. थोड्या वेळाने बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. माल भरणाऱ्याने, चालकाने आणि हमालाने ११२ आणि १०१ हे दोन क्रमांक लक्षात ठेवावेत. फोनवर पहिली माहिती यूएन नंबराची द्यावी.

हा टेम्पो आपल्या घरापासून फार लांब नाही. महिन्याच्या किराणा सामानाच्या पिशवीत संडास साफ करायची ॲसिडची बाटली आणि कपड्यांचे डाग घालवायच्या ब्लीचची बाटली शेजारीशेजारी असतात. ब्लीच म्हणजे हायपोक्लोराइट. दोन्ही वर्ग ८ च्या घराण्यातल्या, आणि दोघींची भेट झाली की तोच क्लोरीन, न्हाणीघरासारख्या बंद जागेत. पुढच्या वेळी त्या दोन बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि घरी दोन वेगळ्या कोपऱ्यांत.